बारा मार्चचा घोळ

जयमालानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे पहिलंच सेवासमाप्तीचं पत्र, आणि कंपनीच्या वकिलांनी त्यातला एक शब्दसुद्धा खोडला नव्हता. महापेच्या त्या रसायनांच्या कारखान्यात, पर्सोनेलच्या, म्हणजे कर्मचारी विभागाच्या टेबलाशी, ती सकाळपासून हवेतच होती. काम मात्र घाईचं होतं. प्रयोगशाळेतल्या रशीदचं प्रोबेशन तीन महिने वाढवून दिलं होतं, ते उद्या, तीस एप्रिलला संपत होतं. उद्या शुक्रवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. पत्र आज पाचच्या आत त्याच्या हाती पडलं नाही, तर तो कायम झाल्याचा दावा लावणार आणि जयमालाची पुरती नाचक्की होणार.

पत्रात उगाच विशेषणं नव्हती. चुकलेल्या चाचण्या, दोन लेखी सूचना, प्रयोगशाळेच्या मोरेसाहेबांनी शेजारी उभं राहून शिकवल्याचा दिवस, बस्स. सव्वाचारला तिनं शेवटची नजर फिरवली आणि एका तारखेशी थबकली. शिकवल्याचा दिवस होता बारा मार्च. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो शुक्रवार होता.

ती पत्र घेऊन प्रयोगशाळेत धावली.

"राहू दे गं, कोण बघतंय?" मोरेसाहेब म्हणाले.

"त्याचा वकील बघेल, साहेब. कारखाना बंद असताना शिकवलंत कसं, विचारेल. एक तारीख खोटी ठरली की सगळं पत्र संशयात."

साहेबांना काही केल्या खरा दिवस आठवेना. वाक्यच गाळावं, तर शिकवल्याचा पुरावा उडत होता. साडेचार वाजले.

कोपऱ्यात काचेची नळी धूत रशीद उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. जयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हात पुसले आणि खिशातली छोटी डायरी काढली.

"तेरा मार्च, शनिवार. साहेब त्या दिवशी जेवले नाय. दोन तास माज्यापाशी उभे होते. मला जमलं नाय, ते वेगळं. पन शिकवलंच नाय असं कुनी म्हनू नये."

मोरेसाहेब खाली बघायला लागले.

जयमालानं पत्र पुन्हा टाइप केलं आणि मनानं एक वाक्य वाढवलं: आपण एकही दिवस गैरहजर नव्हता, आपल्या वर्तनाबद्दल तक्रार नाही. सहीसाठी पत्र नेलं, तेव्हा ते वाक्य वाचून कारखान्याच्या मॅनेजरनी भुवया उंचावल्या.

"तेही खरंच आहे, साहेब. शिवाय ही शिक्षा नाही, हे त्यावरूनच दिसेल."

त्यांनी सही केली. पाचला सात मिनिटं असताना ती धापा टाकत रशीदसमोर उभी राहिली. त्यानं ओळन् ओळ वाचली, तारखेपाशी बोट ठेवलं आणि प्रतीवर 'मिळालं' लिहून सही केली.

"पुडच्या ठिकानी हे दाखवता येईल ना, मॅडम?"

"येईल. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

भोंगा झाला. पत्र वेळेत पोचलं म्हणून तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण तो आनंद सांगावा असा माणूस एकच होता, आणि तो डबा घेऊन फाटकाबाहेर पडत होता.