चार कडवी आणि विजयसिंहाची मिशी

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्याला बंकटचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं अदिबा काम करायची. तिचे वडील यासीनभाई शेजारीच रेडिएटर दुरुस्त करत. अदिबानं संभाजीनगरला दोन वर्षं ॲनिमेशन शिकून घेतलं होतं. पण तालुक्यात हलणाऱ्या चित्रांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे ती वाढदिवसाचे फ्लेक्स बनवायची. एका फ्लेक्सवर सदतीस चेहरे बसवण्याचा विक्रम तिच्या नावावर होता.

एक दिवस विजयसिंह स्वतः दुकानात आले. तालुक्यातले पुढारी. झुपकेदार मिशी, तीन अंगठ्या, पांढरे बूट.

"अदिबा बेटा, यंदा साठी हाय माझी. फ्लेक्स तर लागतीलच. पण मला माझ्या कवितेची फिल्म पायजे. कार्टूनवाली. कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर लावायची."

विजयसिंह कवी आहेत हे तालुक्याला वर्षभरापूर्वी कळलं होतं. एका सत्कारात त्यांनी 'उंबरा' नावाची कविता वाचली आणि तेव्हापासून पत्रिकांवर त्यांच्या नावामागं 'कविवर्य' छापून येऊ लागलं. त्यांनी खिशातून टाईप केलेला कागद काढला आणि अदिबानं वाचला.

*सडा टाकला अंगणी*
*पाय उमटून गेले*
*कोण आले, कोण गेले*
*माती सांगते सगळे*

*चुलीपाशी बसल्याने*
*धूर ओळखीचा झाला*
*डोळा पुसता पुसता*
*दिस माथ्यावर आला*

*दाराआडून गाव मी*
*रोज थोडासा पाहतो*
*बंधाऱ्याचे पाणी जसे*
*फटीमधून वाहते*

*मोठी बैठक भरते*
*कप मोजून भरावे*
*माझ्या वाट्याचे राहिले*
*गार झाल्यावर प्यावे*

कविता चांगली होती. अदिबाला आश्चर्य वाटलं.

"पयल्या कडव्यात मी चालतोय, मागं पाचशे कार्यकर्ते," विजयसिंह सांगू लागले. "दुसऱ्यात कारखान्याचं धुराडं. तिसऱ्यात धरण, पाणी, ऊस, ट्रॅक्टर. आन् चौथ्यात..."

"साहेब, असं न्हाई जमत," अदिबा म्हणाली. "एका कडव्याला एकच चित्र."

"एकच? कावून?"

तिनं मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि पहिलं कडवं सावकाश वाचलं. बारा सेकंद. "पुढं थोडी शांतता, म्हणजे पंधरा धरा. एका सेकंदाला बारा चित्रं काढावी लागतात. एका कडव्याची झाली एकशेऐंशी. पाचशे कार्यकर्ते चालवायचे म्हटले तर प्रत्येकाचे पाय बारादा काढू का? एकच गोष्ट धरायची. मागचं चित्र एकदा रंगवायचं, ते जागचं हलत न्हाई. फक्त ती गोष्ट हलवायची. आन् पंधरा सेकंदात माणूस ऐकल की चार-चार वस्तू बघत बसल?"

विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पण मी प्रत्येक कडव्यात दिसलो पायजे."

"दिसताल," अदिबा म्हणाली.

तिनं सगळ्यात आधी आवाज मागितला. आवाज ठरल्याशिवाय चित्राची लांबी ठरत नाही. विजयसिंहांनी दुकानातच मोबाईलवर कविता वाचून दिली, पण ती सभेत बोलतात तशी. प्रत्येक ओळीनंतर टाळ्यांसाठी थांबत. पहिलं कडवं सदतीस सेकंदांचं झालं. तिसऱ्या कडव्यात तर ते दर खेपेला अडखळले. "रोज थोडासा पाहतो" वर आवाज चढायचा आणि "वाहते" वर येऊन आपटायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अदिबा कागदाचे चार चौकोन कापून बसली. प्रत्येक चौकोनात एका कडव्याचं चित्र. एक चित्र निवडायचं म्हटलं की आधी ठरवावं लागतं, बघणारा उभा कुठं आहे. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच चौकट लागते. पहिल्या कडव्यात सडा टाकणारं माणूस खाली वाकून पावलांकडं बघत होतं. दुसऱ्यात ते चुलीसमोर होतं. तिसऱ्यात दाराआड. चौथ्यात चहा ओतत होतं. चारही चौकोनांत तिनं बघणाऱ्याच्या जागी विजयसिंहांना बसवून पाहिलं आणि तिला हसू आलं. या माणसानं जन्मात सडा टाकला असेल?

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना सरळ विचारलं, "साहेब, चहा तुमी गार झाल्यावर कावून पिता?"

"जनसेवक हाय मी. आधी जनतेनं प्यायचं."

"आन् दाराआडून गाव का बघता?"

"आंदोलनात भूमिगत होतो मी. तवाचं हाय ते."

"कधी?"

"तुझा जन्म बी नव्हता," ते म्हणाले आणि फोन आल्याचं दाखवून निघून गेले.

संदर्भासाठी घर बघायचं म्हणून अदिबा त्यांच्या गावातल्या घरी गेली. विजयसिंह पुढच्या खोलीत लोकांत बसले होते. ती वही घेऊन आत स्वयंपाकघराकडं गेली. गॅस होता, पण मागच्या पडवीत भाकरीसाठी चूल पेटलेली होती आणि धूर खिडकीच्या उजेडातून तिरपा जात होता. मधल्या दाराच्या फळीत बोटभर फट होती. अदिबानं डोळा लावायचा प्रयत्न केला, पण ती स्वतः उंच. तिला चांगलंच वाकावं लागलं. वाकल्यावर रस्ता दिसला, एक म्हैस दिसली आणि बैठकीतल्या विजयसिंहांची अर्धी मिशी दिसली.

"तिथून पारापर्यंत दिसतंय," मागून आवाज आला.

विजयसिंहांच्या बायको संगीताबाई. ठेंगण्या, गोऱ्या, हातात पिठाची परात. फट बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला होती.

अदिबानं मुद्दामच मोठ्यानं वाचलं, "दाराआडून गाव मी, रोज थोडासा पाहतो..."

"पाहते," संगीताबाई म्हणाल्या. बोलून गेल्या आणि मग परातीकडं बघू लागल्या.

"पाहते, वाहते," अदिबा म्हणाली. "यमक जुळलं की काकू!"

"जुळलेलंच होतं. यांनी मोडलं."

मग सगळं कळलं. कविता संगीताबाईंनी मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहिली होती. सत्काराच्या दिवशी भाषणासाठी काहीतरी लागत होतं, वही हाती लागली. 'ते'चा 'तो' केला की झालं.

"सांगायचं की मग सगळ्यांना!"

"सांगून काय व्हतंय? ते मला म्हणले, तुझं-माझं वेगळं हाय का." त्या परात खाली ठेवून बसल्या. "पण तेवढं 'पाहते' दुरुस्त कर बाई. वर्षभर कानात खडा रुतल्यावानी व्हतंय मला."

अदिबानं मोबाईल पुढं केला. "तुमीच वाचा. वेळ मापायला लागतंय मला, साहेबांच्या वाचण्यावर चित्र बसत न्हाई."

संगीताबाईंनी चुलीकडं बघत कविता म्हटली. साधी, बोलल्यासारखी. चारही कडवी मिळून अठ्ठावन्न सेकंद, मधल्या श्वासांसकट. कुठं थांबायचं हे त्यांनाच माहीत होतं.

तीन आठवडे अदिबा खपली. आधी तिनं चार चौकोन त्या आवाजाखाली एकामागं एक लावून पाहिले. कच्चंच, नुसत्या रेघा. त्यात कळलं की शब्द जे सांगतात तेच चित्रानं पुन्हा सांगितलं तर मजा जाते. सडा टाकणारी बाई काढायची गरज नव्हती. ओल्या मातीवर बुटांचे ठसे एकेक करून उमटायचे, सगळे बाहेर जाणारे, परत येणारा एकही नाही. आणि "माती सांगते सगळे" म्हणताना खराटा यायचा आणि अर्धे पुसून जायचा.

दुसऱ्याला धूर. धुराची सोळा चित्रं काढून तीच फिरवत ठेवली. भिंतीवर उन्हाचा चौकोन सरकत होता आणि तिथं एक कॅलेंडर टांगलं होतं. कॅलेंडरवर विजयसिंह, हात जोडलेले. कडवं संपेपर्यंत ते धुरानं काळे होत जात आणि शेवटी फक्त दात उरत.

तिसऱ्याला पडदा सगळा काळा. मधोमध उभी फट. फटीतून गाव जातं, म्हैस जाते, मग अर्धी मिशी येते. ती फटीत मावत नाही म्हणून थोडी वाकडी होते आणि पुढं सरकते.

चौथ्याला वरून बघितलेला ट्रे, सहा कप. एकेक हात येतो आणि कप उचलतो. तीन अंगठ्यांचा हात दोन उचलतो. एक कप राहतो. "गार झाल्यावर" या शब्दाला त्यावर साय धरायला लागते. ती साय धरायला अदिबाला चार दिवस लागले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विजयसिंह बघायला आले. अदिबानं फिल्म बिनआवाजाची लावली. "आवाज पडद्याच्या सिस्टीमवर बसवायचाय, साहेब," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. कोणाचा बसवायचा, तेवढं तिनं सांगितलं नाही. ते तिनं सकाळीच फोनवर ठरवलं होतं. संगीताबाई म्हणाल्या होत्या, "माझाच असू दे. व्हईल ते व्हईल."

विजयसिंह बोटांवर मोजत होते. "बूट माझे. कॅलेंडर माझं. मिशी माझी. अंगठ्या माझ्या. शाब्बास! चारीत हाय मी."

मंगल कार्यालय गच्च भरलं. भाषणं झाली, दिवे बंद झाले आणि पडद्यावर ओली माती आली. संगीताबाईंचा आवाज घुमला. "सडा टाकला अंगणी..."

विजयसिंह खुर्चीत सरळ झाले. त्यांनी अदिबाला शोधायला मान वळवली, पण तोवर बायकांच्या बाजूला खसखस पिकली होती. बूट बाहेर जात होते आणि परत येत नव्हते. कॅलेंडर काळं पडलं तेव्हा पुरुषही हसले. मिशी फटीत अडकली तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. मात्र शेवटच्या कपावर साय धरू लागली तेव्हा बायकांचं हसणं एकदम थांबलं. सगळ्या त्या कपाकडं बघत राहिल्या.

दिवे लागले. विजयसिंहांच्या चुलत्या, भिवराबाई, वय पंच्याऐंशी, पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या. "आगं संगीता! ही तर तुझी कविता! गड्यामाणसाला काय म्हाईत साय कवा धरती?"

संगीताबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. मान खाली घातली नाही.

विजयसिंहांची मिशी दोनदा हलली. अदिबानं दाराकडं सरकायला सुरुवात केली. मग त्यांनी माईक ओढून घेतला.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "साठीच्या निमित्तानं माझ्या मंडळींना सरप्राईज द्यावं असा माझा वर्षभराचा बेत होता. तो आज तडीस गेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संगीताबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की पुढच्या दोन रांगा पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह दुकानात आले. यासीनभाई हातात पाना घेऊन उगाचच दारात येऊन थांबले. पण साहेब रागात नव्हते, अवघडलेले होते.

"फिल्मच्या शेवटी नावं येतात ना, तिथं हिचं नाव टाक. 'कविता: संगीता'. मोठ्या अक्षरात." ते थोडे घुटमळले. "रात्रभर बोलली न्हाई माझ्याशी. सकाळी चहा मात्र दिला. गार."

"टाकते, साहेब."

"आन् माझं काय? साठी माझी होती."

अदिबानं विचार केला आणि त्यांच्यासमोरच टाईप केलं: 'कविता आणि आवाज: संगीता. चित्रं: अदिबा. बूट, मिशी आणि अंगठ्या: विजयसिंह.'

विजयसिंहांनी तीनदा वाचलं. मग बोटानं स्क्रीनवर दाखवून म्हणाले, "दात ऱ्हायले की."