चार रेघांचं अंतर

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, त्यामुळे मुलीने मागे ठेवलेल्या नव्या गाडीबद्दल कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटायचं. गुडघा दुखतो म्हणून ते क्रूझ कंट्रोल लावायचे, म्हणजे वेग आणि ब्रेक गाडी स्वतःच सांभाळायची. पुढच्या गाडीपासूनचं अंतर पडद्यावरच्या चार रेघांवर, म्हणजे सगळ्यात लांब. अंतर जास्त तितकं बायकोला सुखाचं, असा त्यांचा हिशेब. तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ होती आणि रोज रेडिएशनचा शेक घ्यायला हॉस्पिटलला न्यावं लागायचं.

पण गाडी सारखी धक्के द्यायची. मास्तर ओठ घट्ट मिटून बसायचे, बायको दार धरून. वीस फेऱ्यांपैकी बारा झाल्या आणि ती म्हणाली, "आता पुरे. मी नाही येणार." मास्तरांनी हातापाया पडून बघितलं, पण ती हटली नाही. पंधरा दिवस तसेच गेले. मग डॉक्टरांनी स्वतःच फोन करून तपासणीला बोलावलं, तेवढ्याला ती तयार झाली.

आदल्या दिवशी मास्तर शेवटी गुमान वर्कशॉपमध्ये गेले. मेकॅनिक पोरगी एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी. ती हसली.

"मास्तर, ही मीटर नाही, सेकंद मोजते. रडारने पुढच्याचं अंतर आणि वेग बघते. चार रेघा म्हणजे अडीच सेकंदांची फट. गर्दीत एवढी फट दिसली की कुणीतरी घुसणारच. घुसला की ही ब्रेक मारते, मागे राहून पुन्हा फट करते, तोवर दुसरा घुसतो. शहरात दोनवर ठेवा. एकवर नको, थांबायला वेळच उरत नाही. आणि पाय ब्रेकपाशीच हवा, थांबलेलं वाहन हिला दिसेलच असं नाही. अगदीच खच्चून गर्दी असली तर सरळ बंद करा."

दुसऱ्या दिवशी दोन रेघांवर गाडी अलगद गेली. घुसणारे निम्म्यावर आले. मास्तरांना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. मध्ये फार खंड पडला होता, गाठ वाढली होती. आता शेक नाही, फक्त दुखण्याच्या गोळ्या.

परतताना सिग्नलला गाडी हळूच थांबली.

"आज चिडला नाहीत?" बायकोने विचारलं.

"मी कधी चिडलो?"

"रोज तर कचकन ब्रेक मारायचात, तोंड आवळून. म्हटलं, माणूस कंटाळला आपल्याला. म्हणून तर नको म्हटलं हो मी, दुखण्याला नव्हते भ्याले."

ते ब्रेक माझे नव्हतेच गं, गाडीचे होते, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण मग तिला कळलं असतं की आपण उगाचच उपचार सोडले. उरलेले दिवस ती तेच उगाळत बसली असती.

सिग्नल सुटला.

"हो," मास्तर म्हणाले, "चिडायचो मी. चुकलं माझं."

तिने त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर थोपटलं. "जाऊ द्या," ती म्हणाली, "मी कधीच माफ केलंय."