अलीमभाईंनी चिकटवलेला शाफ्ट

अलीमभाईंना कामावरून काढलं ते वृषालीच्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य तिने फारसा विचार करून उच्चारलेलं नव्हतं. भाऊसाहेब शेट्यांनी विचारलं, "शाफ्ट गेला कशानं?" ती म्हणाली, "गोंद नीट धरला नसेल." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

शेट्यांचा पंपांचा कारखाना नगरच्या एमआयडीसीत होता. लहानच, पण साखर कारखान्यांची कामं मिळवणारा. वृषाली साळवे तिथे नवी इंजिनिअर होती. रोज राहुरीहून एसटीने यायची. घरात पहिली इंजिनिअर तीच, आणि ड्रॉइंगच्या खोलीत बसणारी पहिली बाईही तीच. आपली चूक झाली तर ती आपली एकटीची धरली जाणार नाही, सोबत वस्ती आणि जातही धरली जाईल, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

शाफ्ट तिचा पहिला. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात उभा पंप बसवायचा होता. मोटार वर, पाणी उचलणारा पंखा खाली, मधे माणसाच्या उंचीचा शाफ्ट. ते पाणी पोलादाला खातं. म्हणून वृषालीने आत पोलादाचा गाभा ठेवला आणि त्यावर गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूची जाड नळी, म्हणजे स्लीव्ह, गोंदाने कायमची चिकटवायची असं ठरवलं. पाण्याशी गाठ गनमेटलची, आणि मोटारीचा पीळ दोघांनी मिळून पेलायचा. भाऊसाहेबांना कल्पना आवडली. "पोरगी डोकेबाज हाय," असं ते बाहेरच्या माणसांसमोर म्हणायचे, तिच्यासमोर नाही.

चिकटवण्याचं काम अलीमभाईंचं. वय पन्नाशीपार, हात शांत. गाभा आणि स्लीव्ह थिनरने पुसायचे ते एकाच दिशेने, परत मागे कापड न्यायचं नाही. मग वर पाण्याचा थेंब सोडायचे. थेंब पसरला तर धातू स्वच्छ, गोळा होऊन बसला तर तेल राहिलंय, पुन्हा पुसा. असं करताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. दोन ट्यूबमधला गोंद कालवून लावला, स्लीव्ह फिरवत फिरवत चढवली आणि शाफ्ट उबेला ठेवून दिला की मगच ते चहा घ्यायचे.

पंप सुरू झाला, चांगला चालला, आणि काही आठवड्यांनी थरथरू लागला. मोटारीला शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगखाली, नळी आणि गाभ्याच्या फटीतून, तपकिरी भुकटी गळत होती. शाफ्ट काढून परत आणला गेला. भुकटी गोंदाची होती, हे कुणीही सांगितलं असतं. वृषालीने तेच सांगितलं आणि त्यात आपलं वाक्य जोडलं.

भाऊसाहेबांनी अलीमभाईंना बोलावलं. "मॅडम म्हणत्यात गोंद धरला न्हाई. पुसताना कापड तेलकट हुतं का?"

अलीमभाईंनी हात शर्टाला पुसले. मग म्हणाले, "असंल साहेब. मॅडम शिकलेल्या हायेत. माझंच काई तरी चुकलं असंल."

कबुली मिळाली म्हटल्यावर भाऊसाहेबांचं काम सोपं झालं. शनिवारचा पगार देऊन त्यांनी अलीमभाईंना निरोप दिला. इंजिनिअर चुकला की ड्रॉइंग बदलतं, कामगार चुकला की कामगार बदलतो, हा कारखान्यांचा रिवाज जुनाच. वृषालीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची तिला जरा लाजही वाटली.

दुसरा शाफ्ट करायचा होता. गोंद या वेळी जास्त ताकदीचा घ्यावा म्हणून तिने जुना हिशेब पुन्हा काढला. हिशेब स्वच्छ होता. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले, म्हणजे पिळताना दोघांना सारख्याच कोनात वळावं लागतं. एक जास्त वळला आणि दुसरा कमी, असं होत नाही. मग पीळ वाटला जातो तो ताठपणावर, जो वळायला जास्त अवघड त्याच्याकडे जास्त. पोलाद गनमेटलच्या जवळजवळ दुप्पट ताठ. पण गनमेटल बाहेरच्या बाजूला, मध्यापासून लांब, आणि लांबच्या धातूला वळायला जास्त जोर लागतो. दोन्ही धरून निम्म्याहून थोडा जास्त पीळ पोलादाच्या वाट्याला येत होता, बाकीचा गनमेटलच्या. दोन्ही धातू आपापला वाटा आरामात पेलणारे. गोंदावरचा भार तिने शाफ्टच्या पुऱ्या लांबीवर वाटला होता, तो तर किरकोळच निघाला होता.

मग पेन्सिल थांबली. मोटारीचं कपलिंग शाफ्टला कुठे धरतं? बाहेरून, म्हणजे फक्त गनमेटलला. आतलं पोलाद कपलिंगला शिवतही नाही. मग पोलादाचा निम्म्याहून जास्त वाटा पोलादापर्यंत पोहोचतो कुठून?

गोंदातून. आणि पुऱ्या लांबीवर सावकाश नाही. कपलिंगखालच्या वीतभर जागेतच सगळा वाटा आत उतरायचा. तिथून खाली दोघं सारखे वळत असल्याने गोंदाला जवळपास काही कामच उरत नाही. तळाशी उलटं, तिथे पंखा पोलादाला बसवलेला, म्हणून गनमेटलचा वाटा गोंदातून परत पोलादात यायचा. पण तो वाटा कमी. सगळ्यात जास्त ओझं वरच्या टोकाच्या गोंदावर, त्यात मोटार सुरू होताना दर वेळी हिसका. म्हणजे वरचं टोक फाटणार, मग त्याच्या खालचं, असं करत उसवत जाणार.

तिने वही मिटली. हे खरं असेल तर अलीमभाई निर्दोष आहेत, आणि दोष कागदावर तिच्या सहीखाली आहे. कुणाला कळायची काही गरज नव्हती. नव्या शाफ्टचं ड्रॉइंग गुपचूप बदलता आलं असतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि हातातला चहा संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.

शेवटी ती उठून भाऊसाहेबांकडे गेली. "जुना शाफ्ट कापून बघायचाय."

"भंगारच हाय ते. कापा," भाऊसाहेब म्हणाले आणि काय निघतं ते बघायला स्वतःही आले.

करवतीच्या मशीनवर परवेझ होता. तो अलीमभाईंच्या मोहल्ल्यातला, आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. त्याने मुळा कापावा तशा शाफ्टच्या चकत्या पाडल्या आणि वृषालीने प्रत्येकीवर वरून खाली क्रमांक टाकला. बाहेर गनमेटलचं कडं, आत पोलादाची टिकली, मधे गोंदाची रेघ.

वरची चकती परवेझने हातात घेतली आणि अंगठ्याने टिकली दाबली. ती खळकन खाली पडली. आत नुसती भुकटी. दुसरीही तशीच. तिसरी हाताच्या प्रेसखाली थोड्या जोराने सुटली, तेव्हा वृषालीने कडं उजेडात धरलं. गोंदाचा पातळ थर कड्याच्या आतही घट्ट बसलेला होता आणि टिकलीच्या बाहेरही. गोंद धातूपासून सुटला नव्हता, गोंदच मधोमध फाटला होता. कापड तेलकट असतं तर एक बाजू लख्ख कोरी निघाली असती.

पुढच्या चकत्यांवर परवेझने प्रेसच्या दांड्याला अक्षरशः लोंबकळून बघितलं. एकही हलली नाही.

"काय समजायचं यातून?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"गोंद उत्तम लागलेला होता," वृषाली म्हणाली. "कपलिंग मी फक्त बाहेरच्या नळीला धरायला लावलं. पोलादाचा सगळा वाटा वरच्या वीतभर गोंदातून जात होता. तेवढा तो पेलू शकत नाही, कुणीही लावला असता तरी. चूक ड्रॉइंगची आहे. माझी."

परवेझने मशीन बंद केलं. भाऊसाहेब चकत्यांकडे बघत राहिले. आता आपली नोकरी गेली, असं तिने मनाशी धरलंच होतं.

"आणि नवा कसा करनार?"

"पोलाद नळीच्या वर काढायचं. कपलिंग थेट पोलादाला धरेल. मग गोंदातून फक्त गनमेटलचा कमी वाटा जाईल. आणि नळीची जाडी दोन्ही टोकांना निमुळती करायची, म्हणजे तो वाटा एकदम न येता हळूहळू चढेल."

"मग तसं करा." भाऊसाहेब निघाले, दारात थांबले. "अलीमला निरोप धाडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हनायची आपन."

"मी जाते," वृषाली म्हणाली. तिने खालची, न सुटलेली एक चकती पर्समध्ये टाकली.

अलीमभाईंचं घर मुकुंदनगरात होतं. दार त्यांच्या बायकोने, बिस्मिल्लाबींनी उघडलं आणि कोण आलंय ते ओळखून त्यांचा चेहरा आखडला. तरी त्यांनी चटई टाकली, चहा ठेवला. अलीमभाई मेहुण्याच्या सायकल दुकानात जायला लागले होते. हात काळे घेऊनच घरी आले आणि वृषालीला बघून दारातच अवघडले.

वृषालीने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पीळ कसा वाटला जातो, पोलादाचा वाटा कुठून जात होता, गोंद कुठे फाटला आणि कुठे शेवटपर्यंत धरून होता. मग तिने चकती त्यांच्यापुढे ठेवली.

अलीमभाईंनी हात धुतले, पुसले आणि मगच ती उचलली. अंगठ्याने दाबली, उलटी करून दाबली, नख रेघेवरून फिरवलं.

"साहेबांनी परत बोलावलंय," ती म्हणाली. "अलीमभाई, चूक माझी होती. तुमचं कापड तेलकट नव्हतं."

"न्हवतं व्हय," अलीमभाई म्हणाले. त्यांनी चकती खाली ठेवली. "साहेबांनी इचारलं तवा मला काईच आठवंना. मग तुमी म्हनला हुता, म्हनून घरी येऊन रोज आठवत बसलो. चौथ्या दिवशी दिसाया लागलं बगा. कापडावर तेलाचा डाग. कुटल्या कोपऱ्याला, केवढा, समदं. हिला पन सांगितलं मी."

बिस्मिल्लाबींनी मान हलवली.

"तो डाग नव्हताच," वृषाली म्हणाली.

"न्हाई ना. पन अजून दिसतोय." त्यांनी चकती तिच्याकडे सरकवली. "सोमवारी येतो मॅडम. लेथचं द्या, घासायचं द्या, सांगाल ते करीन. चिकटवायचं मातर दुसऱ्या कुनाला द्या."

वृषालीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. अलीमभाई तिची समजूत काढायला लागले, चहा निवतोय म्हणाले. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता.