कुंदाचा कागद

विद्याधरच्या अंगात मत्सर पहिल्यापासूनच होता, पण कुंदा सामंतची कादंबरी आली आणि तो चांगलाच फोफावला. मुलुंडच्या भाऊंच्या प्रकाशनात तो मुद्रितं तपासायचा आणि लेखकांच्या करारांचे मसुदे लिहायचा. तिथूनच त्याचीही एक कादंबरी निघाली होती, गिरणीत आयुष्य घालवलेल्या वडिलांवरची. तिच्या करारात भाऊंनी सगळे हक्क कायमचे स्वतःच्या नावे करून घेतले होते. विद्याधरला केवढा अभिमान! प्रकाशक आपल्याला अख्खं घेतोय, म्हणजे आपण कुणीतरी आहोत, असं तो जो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

कुंदा घाटकोपरच्या शाळेतली मास्तरीण. एकदाच लिहिलं आणि ते भाऊंना इतकं आवडलं की ते म्हणाले, "हिचंही तुझ्यासारखंच कायमचं घेऊन टाकू. कर तयार कागद."

विद्याधरच्या पोटात दुखलं. आपल्याला मिळालेला मान हिला पहिल्याच पुस्तकाला?

"नवी लेखिका आहे, भाऊ," तो साळसूदपणे म्हणाला. "खपेल की नाही देव जाणे. उगीच आयुष्यभराचं ओझं कशाला? एका आवृत्तीपुरता परवाना घ्या. अकराशे प्रती, मराठी, फक्त पुस्तकरूपात. बाकी सगळं तिचं तिच्याकडे राहू दे."

भाऊंना ते पटलं. विद्याधरने कागद केला, कुंदाने सही केली. "सगळं नाही घेत वाटतं?" तिने विचारलं, तेव्हा तिचा चेहरा किंचित पडला होता. विद्याधरला त्या दिवशी घरी जेवण गोड लागलं.

ही गोष्ट ब्याऐंशीची. सत्त्याऐंशीत घरोघरी टीव्ही आले आणि गोरेगावच्या स्टुडिओतला एक निर्माता मालिकेसाठी गोष्टी शोधत मुलुंडला येऊन ठेपला. त्याला दोन पुस्तकं हवी होती, विद्याधरचं आणि कुंदाचं.

विद्याधर टेबलाशी बसला होता. निर्मात्याने भाऊंशी बोलणं केलं, भाऊंनी मान डोलावली, आणि विद्याधरच्या वडिलांची गोष्ट चहा थंड व्हायच्या आत गेली. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

"आणि दुसरी?" निर्मात्याने विचारलं.

भाऊंनी कपाटातून कागद काढला, वाचला, कपाळावर हात मारला. "ती माझी नाही हो द्यायला. पुस्तक छापायचाच काय तो परवाना माझ्याकडे, तोही एका आवृत्तीचा. बाईंनाच विचारा."

निर्माता गेल्यावर विद्याधर उसळला. "मला एका शब्दाने विचारायचं ना, भाऊ! माझा बाप आहे त्यात!"

"रागावू नकोस रे. कायद्याने सगळे हक्क तू माझ्या नावे केलेस. पुस्तक, नाटक, सिनेमा, भाषांतर, सगळे. मालिका करायची की नाही, कुणी करायची, हे आता मी ठरवणार. तुझं नाव मात्र तुझंच राहतं, ते मी विकूच शकत नाही. आणि त्यांनी गोष्टीची मोडतोड करून तुझी अब्रू घालवली, तर तू कोर्टात जाऊ शकतोस. तेवढं कायदा तुझ्याकडे ठेवतो."

"तेवढंच?"

"अरे, तूच सांगत फिरायचास ना, अख्खा घेतला म्हणून?"

निर्माता कुंदाकडे तीन वेळा गेला. शेवट बदलायचा नाही, पटकथा आधी दाखवायची, अशा अटी तिने घातल्या आणि त्या त्याने लिहून दिल्या. मग तिने हक्क दिले, तेही फक्त मालिकेपुरते. नाटक, भाषांतर तिने आपल्याकडेच ठेवलं. तीन वेळा! विद्याधरला रात्रभर तोच आकडा टोचत राहिला. आपल्याला एकदाही नाही, आणि तिची मनधरणी करायला माणूस घाटकोपरला तीन खेपा घालतो.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच आली, पेढे घेऊन. पहिली आवृत्ती संपली होती, दुसरीसाठी भाऊंशी नवा करार करायचा होता.

"विद्या, हाही कागद तूच लिही. अगदी तसाच." ती त्याच्या टेबलापाशी थांबली. "तेव्हा मला वाटलं होतं, मला कमी लेखताय. आता कळतंय, तू माझ्यासाठी किती पुढचं पाहिलंस. सख्ख्या भावाने नसतं पाहिलं रे."

खरं सांगून टाकावं, असं त्याला एकदा वाटलं. पण पेढा तोंडात होता. त्याने नुसती मान हलवली.

महिन्याभराने दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं त्याच्याच टेबलावर आली. तिसऱ्या पानावर अर्पणपत्रिका होती: "विद्याधरला. माझं जे होतं ते माझ्याकडे ठेवणाऱ्या मित्राला."

त्याने लाल पेन उघडलं आणि चूक शोधत त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. एकही सापडली नाही. मग पानाखाली 'तपासले' असं लिहून त्याने सही केली.