पाव तासाची बंडी

दवाखान्याच्या पोर्चाचा मालक कोण, असं गावात कोणालाही विचारलं असतं तरी त्याने डॉक्टरांचं नाव घेतलं नसतं. मालक म्हणजे दादाजी चौकीदार. अंगात खाकी कोट, हातात बांबूची काठी आणि पाठीमागे भिंतीवर पाटी: 'पेशंट उतरवा, बंडी काढा. पाव तासाहून जास्त थांबल्यास दंड. दंड न भरल्यास बैल कोंडवाड्यात.' दादाजीला वाचता येत नव्हतं. तरी ती पाटी त्याला तोंडपाठ होती, कारण ती त्याच्याच घरावरच्या घावातून निघाली होती.

दोन वर्षांमागे जंगलात सागवानाचा ट्रक उलटला. त्याखाली सापडलेल्या हमालांना दुसऱ्या ट्रकात घालून इथे आणलं, तेव्हा पोर्चात दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडून ठेवलेल्या. बैल तणस चघळत निवांत बसलेले आणि मालक आत पेशंटच्या उशाशी. ट्रक फाटकातच अडला. जखमींना एकेक करून हातांवर आणावं लागलं. शेवटी आणला तो दादाजीचा जावई जंगू. टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. दादाजीची पोर मंगली तेव्हापासून बापाच्या घरी आहे, आणि तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघत दादाजी रोज भाकर खातो.

तेव्हापासून तो डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागला. डॉक्टरांनी नगरपालिकेला लिहिलं, पालिकेने दंड मंजूर केला. बंडी पूर्वेच्या फाटकाने आत यायची, पेशंट उतरवून पश्चिमेच्या फाटकाने बाहेर जायची आणि रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभी राहायची. मागच्याला वाट मोकळी. नियम सोन्यासारखा होता, हे त्याचे शत्रूही कबूल करत. आणि दादाजी माणूस बघून तो वाकवत नसे. माजी मालगुजाराच्या मोटरीलाही त्याने दंड लावला होता, तेव्हापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

त्या दिवशी बाजार होता. दुपारच्या आत मुखरूची बंडी आली. मुखरू जंगलाकडच्या खेड्यातला म्हातारा कास्तकार. बंडीत तणसावर त्याची सून कमळा, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. मुलगा झिंगूने तिला उचलून आत नेलं. मुखरू मात्र जुवाला हात लावून जागीच उभा राहिला.

"बंडी काढा, भाऊ," दादाजी म्हणाला.

"लेकरू रडू द्या, मंग काढतो."

दादाजीला कळलं. या भागात रीतच होती: बाळंतिणीला आणलेली बंडी जुंपलेलीच, दाराकडे तोंड करून उभी ठेवायची. लेकराचं रडणं ऐकू येईपर्यंत तिला हलवायचं नाही. हलवली तर आलेला जीव आल्या वाटेने परत जातो म्हणतात. मंगलीच्या जन्माच्या वेळी त्याने स्वतः आपली बंडी सुइणीच्या दाराशी अशीच उभी ठेवली होती. सगळं ठाऊक असूनही तो पाटीकडे काठी दाखवत म्हणाला, "हे दवाखाना हाय. इथी रीत नाई चालत."

"मांगं कोनी नाई ना, भाऊ. आलं का बाजूले घेतो."

मागे खरंच कोणी नव्हतं. पूर्वेच्या फाटकात एक कुत्रं तेवढं पसरलं होतं. पण जंगू गेला त्या दिवशीच्या बंडीवाल्यांनाही असंच वाटलं होतं, मागे कोणी नाही. दादाजीच्या डोळ्यांपुढे ते तणस चघळणारे बैल आले आणि त्याचं डोकं फिरलं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला. मुखरूने पाया पडून पाहिलं, दादाजी बधला नाही. पालिकेचा शिपाई आला. मुखरूच्या कनवटीला दंडापुरतं काही नव्हतं. दादाजीने आपल्या हातांनी बैल सोडले, शिपाई ते कोंडवाड्याकडे हाकत घेऊन गेला आणि दादाजीने रिकामी बंडी ढकलत चिंचेखाली नेऊन लावली. मुखरू आपल्या बंडीची पाठ दवाखान्याकडे झालेली बघत राहिला.

थोड्याच वेळात डॉक्टर घाईने बाहेर आले. "मूल आडवं आहे. पोट चिरावं लागेल आणि इथे ती सोय नाही. दुपारची रेल सापडली तर चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात वाचेल. कोणाची बंडी आहे? लगेच जुंपा."

दादाजीने चिंचेखालच्या बिनबैलाच्या बंडीकडे पाहिलं.

झिंगू कोंडवाड्याकडे पळाला आणि तसाच परत आला. कोंडवाड्याचा मुनशी किल्ली कमरेला लावून बाजाराला गेला होता. गावात टांगा एकच, गफ्फारचा, तोही सवारी घेऊन गेलेला. टांग्यात कमळाला निजवताही आलं नसतं. बाजाराच्या गर्दीत मुनशीला किंवा दुसऱ्या कोणाचे बैल शोधत बसलं, तर रेल निघून जाणार होती.

"बंडी हाय ना," दादाजी म्हणाला आणि कोट काढून भिरकावला. तो एका बाजूने जुवाखाली गेला, दुसऱ्या बाजूने झिंगू. मुखरू मागून ढकलू लागला. भर बाजाराच्या रस्त्यावरून पोर्चाचा मालक बैल होऊन चालला होता. लोक हसायला लागले आणि बंडीतली बाई पाहून गप्प झाले. खांद्याचं सालपट निघालं, तोंडाला फेस आला. कमळा प्रत्येक दचक्याला कण्हत होती. ते कण्हणं चालू आहे एवढाच दादाजीला आधार होता.

स्टेशनच्या वळणावर शिट्टी ऐकू आली. फलाटापाशी पोचले तेव्हा रेलचा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला होता. पुढची रेल दुसऱ्या दिवशी. बंडी उलटी फिरवली, आणि वाटेत कण्हणं थांबलं.

डॉक्टरांनी बंडीतच नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला. लेकराचं रडणं कोणी ऐकलंच नाही.

दिवस कलताना मुनशी बाजारातून आला. दंड दादाजीने भरला. मुनशीने पावती मात्र मुखरूच्या नावाने फाडली, बैल ज्याचे त्याच्या नावाने. बैल आले. कमळाला न्यायला बंडी पुन्हा पोर्चात लागली. झिंगूने तिला त्याच तणसावर निजवलं आणि तिच्या पायांशी मटकन बसला. मुखरू लुगड्याचा पदर तिच्या तोंडावर नीट करत होता. दोन्ही म्हाताऱ्या हातांना घाई नव्हती. दादाजी खांबाला टेकून उभा होता. बंडी कितीही वेळ उभी राहो, आज आपण तोंड उघडायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

तेवढ्यात पूर्वेच्या फाटकातून घोड्याच्या टापा आल्या. गफ्फार उभ्यानेच टांगा हाणत होता. मागे त्याची बायको हाजरा आडवी, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला.

"दादाजीभाऊ, साप चावला! रस्ता दे!"

टांगा बंडीच्या मागे येऊन अडला. दादाजीची काठी हातातच होती, ती वर उठेना. जंगू गेला त्या दिवसासारखंच सगळं होतं आणि बंडी काढा म्हणून ओरडायचं त्यालाच होतं. त्याने मुखरूकडे पाहिलं.

मुखरूनेही मागे वळून पाहिलं. मग बैलांची वेसण धरली.

"चाल रे, झिंगू. त्याची जिती हाय."

बंडी पश्चिमेच्या फाटकाकडे निघाली. गफ्फार बायकोला उचलून आत धावला. दादाजी मुखरूच्या मागे चार पावलं गेला. फाटकापाशी मुखरू थांबला. पाटीकडे बघत त्याने हात जोडले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"भाऊ, टायमात निघालो ना? आता तं दंड नाई ना लागत?"