आठवड्याला एकच बदल

सोमवारी उद्यमनगरातले कारखाने बंद, म्हणून शिवाप्पा मिस्त्री रविवारी काम सुटलं की फौंड्रीतल्या गड्यांना वाळूच्या ढिगापाशी बसवायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. काय चुकलं, काय जमलं, पुढच्या आठवड्यात बदलायचं काय? बदल मात्र एकच. "धा बदललं तर कशानं काय झालं, कुणाच्या बापाला कळणार न्हाय," असं तो दरडावून सांगायचा.

गेल्या रविवारी दोन बदल पुढं आले होते. माल भोकं पडून परत येत होता, म्हणून साच्याच्या वाळूत पाणी कमी घालायचं, हा एक. दुसरा, रस ओतणाऱ्या इमामचा. लोखंडाचा रस ज्या लेडलनं ओततात, तिला आतून मातीचा लेप असतो. तो ओला राहिला तर रस उसळतो. लेप वाळवायला वेगळी शेगडी करा, असं इमामचं म्हणणं.

"तुझं पुढच्या आठवड्यात," शिवाप्पा म्हणाला होता.

गुरुवारी ओलसर लेडलमधला रस उसळला. शनिवारी इमामला माती दिली.

आज पहिला प्रश्न शिवाप्पाला विचारवेना. दुसरा कसाबसा तोंडातून निघाला.

"माल चांगला आला," कुणीतरी खाली बघत म्हणालं. "एकबी परत न्हाय."

त्या चांगल्या मालाचा शिवाप्पाला संताप आला. तिसरा प्रश्न न विचारताच तो उठायला लागला.

"इचारा की, मिस्त्री," इमामचा भाऊ ख्वाजा शांतपणे म्हणाला. "आज इमामचा नंबर हाय."