वाढव

ऋजुताने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कुणासाठी गॅस पेटवला तेव्हा तिची सासू दोन महिन्यांपूर्वीच्या झटक्यातून नुकती घरी आली होती. मनोरमाबाईंचा उजवा हात मांडीवर पडलेला असे आणि बोलताना शब्द अडत. घरात शिजवायला तिसरं कुणी नव्हतं. नवरा, यशोधन, होता तोवर स्वयंपाक तोच करायचा. त्याला आवडायचं, आणि ऋजुता सांगलीच्या होस्टेलमधून निघून इंदूरच्या ऑफिसात पोचली होती, मधे कुठे स्वयंपाकघर लागलंच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात यशोधन गेला. मग मनोरमाबाईंनी पुन्हा कढई हातात घेतली, आणि आता तीही सुटली.

स्वयंपाकाला एक बाई ठेवून पाहिली. मनोरमाबाईंचं बिनमिठाचं वेगळं करायचा तिला कंटाळा, ती आठवडाभरात येईनाशी झाली. तेव्हा उज्जैनहून शैलजाचा फोन आला. शैलजा म्हणजे मनोरमाबाईंची मुलगी, ऋजुताची नणंद. तिने सरळच सांगितलं की रविवारी येते, दोघींचं नीट चाललेलं दिसलं तर ठीक, नाहीतर आईला घेऊन जाईन. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण आई उज्जैनला गेल्या की छत्रीबागेतल्या या दोन खोल्यांत ऋजुताने कुणाची कोण म्हणून राहायचं, हा प्रश्न होता. सांगलीहून भाऊ कधीचा म्हणत होता, परत ये. इथे ती अजून कुणाची तरी सून होती. मनोरमाबाईंनाही जायचं नव्हतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, फक्त ऋजुताला खूण करून आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला लावली.

मनोरमाबाईंनी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता त्या डाव्या हाताने आणि मोजक्या शब्दांनी शिकवू लागल्या.

पहिल्याच दिवशी डाळ उतू गेली. ज्योत अगदी बारीक होती, फेसाने ती विझली, आणि ऋजुता कपडे वाळत घालायला गेलेली. परत आली तर मनोरमाबाई काठी जमिनीवर आपटत होत्या. वास ऋजुतालाही आला. संध्याकाळचा अंधार झालेला, सवयीने तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला आणि काठी आडवी आली. मनोरमाबाईंनी मान हलवली. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. सिलिंडरकडे बोट. ऋजुताने रेग्युलेटर फिरवला, शेगडीचं बटण फिरवलं, खिडकी उघडली. मनोरमाबाई अजून बोट दाखवत होत्या, खाली, गॅलरीच्या दाराकडे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, खिडकीतून सगळा जात नाही. दार उघडून दोघी बाहेर जिन्यात येऊन बसल्या. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि प्रत्येक किकला ऋजुता वळून घराच्या दाराकडे बघत होती.

तेव्हा तिला आणखी एक कळलं. शेगडीचं बटण बंदपासून निघतं ते आधी मोठ्या ज्योतीवर येतं आणि पुढे फिरवत नेलं की बारीक होतं. बारीकच्या पुढे बंद येत असणार असं ती धरून चालली होती. ज्योत लहान होत होत विझावी, हे तिला साहजिक वाटलं होतं.

मग कुकर. शिटीचं वजन हलवून वाफ उरली नाही ना ते पाहायचं, झाकणाशी जबरदस्ती करायची नाही. भाजीवरचं झाकण उचलताना आधी पलीकडची कड उचलायची, म्हणजे वाफ पलीकडे जाते. हे तिला सांगितलं होतं, तरी तिने जवळची कड उचलली आणि मनगट भाजलं. मनोरमाबाईंनी तिला नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभं ठेवलं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, नुसतं वाहतं पाणी. मिक्सरची पिन काढायला ती ओल्या हाताने गेली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हात." ऋजुताने हात पुसले, कोरडे केले, आधी बटण बंद केलं, मग पिन काढली. त्यांनी मान डोलावली. शाळेत एखाद्या मुलीला त्या अशाच मान डोलावत असतील, असं ऋजुताला वाटलं.

तेलाचा धडा न पेटवताच झाला. कढईत तेल असेल तर कढईपेक्षा मोठं झाकण आधी शेजारी काढून ठेवायचं. पेटलं तर पाणी नाही, कढई उचलायची नाही. झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवायचं, गॅस घालवायचा, आणि झाकण उघडून बघायचं नाही. ऋजुताने रिकाम्या कढईवर झाकण सरकवून दाखवलं. जेवण काही चांगलं होत नव्हतं, पण होत होतं. मनोरमाबाई डाव्या हाताने न सांडता खात होत्या.

रविवारी शैलजासाठी पुऱ्या करायचं ठरलं. आदल्या दिवशीच्या तळलेल्या पापडांनी तेल पिऊन टाकलं होतं, तेल पुरेसं तापलं नव्हतं म्हणून. आज तसं व्हायला नको होतं. ऋजुताने कढईत थोडंसंच तेल घातलं, मध्यम आचेवर ठेवलं, झाकण शेजारी ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. तेवढ्यात शैलजा आली. दार उघडणं, पिशव्या घेणं, पाणी देणं यात वेळ गेला.

"यशने तुला एवढे दिवस चहाही करू दिला नाही, हद्द आहे यार," शैलजा चपला काढत म्हणाली. "आणि आता डायरेक्ट पुरी? चांगलंय." ती हसली आणि हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली.

ऋजुता शेगडीपाशी आली. तेलावर धुरकट काहीतरी तरंगत होतं. तिने एक पुरी लाटायला घेतली.

"वाढव," दारातून मनोरमाबाई म्हणाल्या.

ऋजुताने बटण मोठ्या ज्योतीवर आणलं.

"वाढव. गॅस वाढव." आवाज चढला होता.

तिने पाहिलं, ज्योत पूर्णच होती. कदाचित शेवटपर्यंत गेली नसेल म्हणून तिने बटण आणखी थोडं हलवून नीट मोठ्यावर बसवलं. कालचे पापड तिच्या डोक्यात होते. आईंना वाटतंय की तेल थंड आहे. धूर दाट झाला, डोळ्यांना झोंबला, ती लाटणं ठेवून वळली तेव्हा मनोरमाबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या आणि पुन्हा तेच म्हणत होत्या. मग कढईच्या कडेवरून पिवळी ज्योत आत सरकली आणि सगळं तेल एकदम पेटलं.

ज्वाळा वरच्या फळीपर्यंत गेली. ऋजुताने झाकण उचललं, बाजूने धरलं, आपल्याकडून पुढे सरकवलं. हाताच्या पाठीवर आगीचा चटका बसला, तिने झाकण सोडलं नाही. ते बसलं. मग बटण, मग रेग्युलेटर. मागून शैलजा बादलीतला तांब्या भरून धावत आली आणि ऋजुताने कोपराने तिला दारातच अडवलं.

"पाणी नको, ताई. उकळतं तेल उडेल."

पाणी जमिनीवर सांडलं. शैलजा धापा टाकत कढईकडे बघत राहिली, मग विझली का पाहायला तिने झाकणाकडे हात नेला. मनोरमाबाईंनी काठी आपटली. तेल अजून तेवढंच गरम होतं, हवा लागली असती तर ते पुन्हा पेटलं असतं. शैलजाने हात मागे घेतला.

छत काळं झालं होतं. ऋजुता नळाखाली हात धरून उभी होती.

"एवढं तापेपर्यंत तू काय करत होतीस?" शैलजाने विचारलं. ओरडून नाही.

ऋजुताने पाण्याकडे बघत उत्तर द्यायला वेळ घेतला. आईंनी वाढवायला सांगितलं असं म्हटलं तर त्याचा अर्थ आईंचं डोकं ठिकाणावर नाही असा होत होता. स्वतःची चूक म्हटली तर सून घर चालवू शकत नाही असा. दोन्हीकडून गाडी उज्जैनलाच जात होती. "लक्ष नव्हतं माझं," ती म्हणाली.

"नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी. मी म्हटलं. वाढव."

शैलजाने तांब्या खाली ठेवला. मग तिने खुर्चीच्या हातावर टेकत ऋजुताला समजावलं. त्यांच्या घरात दिवा कधी विझवत नसत, बंदही करत नसत. आजी म्हणायची, दिवा वाढव. चूलही वाढवायची. विझणं हा शब्द घरात उच्चारायचा नाही. राजवाड्याकडचे दुकानदार अजून दुकान बंद केलं म्हणत नाहीत, 'दुकान बढ़ा दी' म्हणतात, तसंच. यश आणि ती लहानपणी यावरून आजीला चिडवायचे. पुढे आई शाळेत शिकवायला लागली आणि बंद कर म्हणू लागली, तो शब्द मागे पडला.

"झटक्यानंतर जुनं वर आलं असेल," शैलजा म्हणाली. "बस, एवढंच ना. आता तुला माहीत झालं."

ऋजुताला हसू आलं, भीती उतरल्यावर येतं तसं. सांगलीला नारळ वाढवतात, तुटलेली बांगडी वाढली म्हणतात, तिला हे सुचायला हवं होतं. ती म्हणाली की आता घोळ व्हायचा नाही, आई वाढव म्हणाल्या की ती बंद करेल. शैलजा काळ्या झालेल्या छताकडे बघत म्हणाली, बघू, पुढच्या महिन्यापर्यंत बघू. आणि ते ऐकून ऋजुताने नळाखालून हात काढून मनोरमाबाईंकडे पाहिलं.

त्या शेगडीच्या बटणाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी बोट उचललं, बटणावर रोखलं, आणि म्हणायचा प्रयत्न केला. 'बंद'मधला 'ब' सुद्धा आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. "वाढ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी सिलिंडरकडे बोट केलं, नळाकडे केलं, भिंतीवरच्या बटणाकडे केलं. प्रत्येक वेळी ओठ तसेच हलले. एकदा "उघड" आलं. त्यांना उघड म्हणायचं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आई, राहू दे," शैलजा म्हणाली.

"आज हा शब्द," मनोरमाबाई सावकाश म्हणाल्या. "उद्या... कुठला?"

ऋजुताने सांगितलं की ती शब्दांवर जाणार नाही, आता तिला नियम माहीत आहेत, धूर दिसला की गॅस घालवायचा, त्यात विचारायचं काय.

मनोरमाबाईंनी नकारार्थी मान हलवली. वाक्य जुळवायला त्यांना फार वेळ लागला, दोघी वाट बघत उभ्या राहिल्या.

"ही माझं ऐकते," त्या शैलजाला म्हणाल्या. "डोळ्यांनी धूर दिसतो. तरी माझं ऐकते."

ते खरं होतं.

पुऱ्यांची कणीक तशीच राहिली. शैलजाने बाहेरून पोहे आणले, कुणी फारसे खाल्ले नाहीत. दुपारभर ऋजुता कपाटातून मनोरमाबाईंच्या साड्या, औषधं, चष्म्याचं घर काढत राहिली आणि शैलजा ते बॅगेत भरत राहिली. तू पण चल, दोन-चार दिवस राहा, असं शैलजा मनापासून म्हणाली. ऋजुताने ऑफिसचं कारण सांगितलं. सांगलीच्या भावाचा विषय कुणी काढला नाही, पण तो विषय आता निघणार हे तिघींनाही माहीत होतं.

गाडीत ऋजुताने सासूचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, पट्टा लावला. मनोरमाबाईंनी डाव्या हाताने तिचा हात धरला आणि उलटा करून बघितला. भाजलेल्या जागी फोड टरारून वर आला होता. त्यांनी त्याच्याभोवती, न लावता, बोट फिरवलं. ओठ हलू लागले. शैलजाने गाडी सुरू केली होती, ती थांबली.

"फोडू," मनोरमाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. "नकोस."

"नाही फोडणार," ऋजुता म्हणाली आणि दार लावलं.